सपोर्टवर टिकलेला शेअर आणि बुल पुट स्प्रेड: १४००/१३६० ची आकडेमोड तपासून हवी आहे

माणदेशी

नमस्कार मंडळी. एका मोठ्या खासगी बँकेच्या शेअरवर बरेच दिवस लक्ष ठेवून आहे. नाव मुद्दाम देत नाही, नाव दिलं की चर्चा बँकेच्या निकालांवर जाते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

शेअर काल १४५२ ला बंद झाला. गेल्या तीन महिन्यांत तीनदा १४०० च्या जवळ आला आणि तिन्ही वेळा वर फिरला. तिन्ही वेळचे लो १३९८, १४०४ आणि १३९१. त्या १३९१ च्या दिवशीसुद्धा बंद भाव १४०९ होता. माझं मत एवढंच आहे की तो १४०० च्या वर टिकेल. जोरात वर पळेल असं वाटत नाही, म्हणून कॉल घेण्यात अर्थ दिसत नाही.

एक्स्पायरीला २५ दिवस आहेत. लॉट ५०० चा. विचार असा:

१४०० चा पुट विकायचा, १६.५० ला.
१३६० चा पुट घ्यायचा, ८.५० ला.

हातात येणारे ८ रुपये, म्हणजे लॉटमागे ४,०००. दोन स्ट्राइकमधलं अंतर ४०, त्यातून ८ वजा केले की ३२ उरतात, म्हणून जास्तीत जास्त तोटा १६,०००. ब्रेकइव्हन १४०० वजा ८, म्हणजे १३९२. टर्मिनलवर मार्जिन ४५ हजारांच्या आसपास दाखवतंय.

हे गणित बरोबर आहे का? आणि १६,००० पेक्षा जास्त तोटा कुठल्याही परिस्थितीत होऊ शकत नाही, हे खात्रीनं धरून चालू का? पुट स्प्रेड मी पहिल्यांदाच करणार आहे.

बाणेर_बाबा

गणित शंभर टक्के बरोबर. याच कारणासाठी मला नुसता पुट विकण्यापेक्षा स्प्रेड आवडतो. खालचा १३६० चा पुट घेतलेला असल्यामुळे शेअर १३०० ला जाऊ दे नाही तर १२०० ला, तोटा १६,००० वर थांबतो. म्हणून स्टॉपलॉस वगैरे लावत बसू नका. एक्स्पायरीपर्यंत शांतपणे ठेवा. वेळ आपल्या बाजूनं काम करतो, रोज थोडं थोडं प्रीमियम गळत जातं. ऐंशी टक्के वेळा हे सौदे नफ्यात बंद होतात.

सुलू

मी जरा वेगळं विचारते. माझ्याकडे याच प्रकारच्या एका बँकेचे ५०० शेअर डीमॅटमध्ये आहेत, नवऱ्याच्या बोनसमधून घेतलेले. सपोर्टच्या वर टिकून आहेत, पण भीती वाटते. हा स्प्रेड केला तर माझ्या शेअरना संरक्षण मिळेल ना? पुट घेतलाय म्हणजे विमा, असं बाणेर_बाबांच्या लिहिण्यावरून वाटलं.

दीपस्तंभ

सुलूताई, आधी तुमचं, कारण तिथे गैरसमज राहिला तर महागात पडेल. हा स्प्रेड तुमच्या शेअरचं संरक्षण करत नाही. शेअर पडला की तुमच्या डीमॅटमधल्या शेअरची किंमत कमी होते आणि हा स्प्रेडही त्याच कारणानं तोट्यात जातो. म्हणजे एकाच अंदाजावर दोनदा पैसे लावल्यासारखं होतं. यात घेतलेला १३६० चा पुट हा विकलेल्या १४०० च्या पुटासाठी आहे, तुमच्या शेअरसाठी नाही. शेअर सांभाळायचे असतील तर नुसता पुट विकत घ्यावा लागेल आणि त्याचे पैसे खिशातून जातील. त्या बाजूला हातात पैसे येत नाहीत.

आता माणदेशी. तुमची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. ८, ३२, १३९२ हे तिन्ही आकडे बरोबर. पण दोन गोष्टी नीट बघा.

पहिली गोष्ट ब्रेकइव्हनची. तुम्हीच दिलेल्या माहितीत लो १३९१ आहे आणि ब्रेकइव्हन १३९२. तुमच्या दृष्टीनं त्या दिवशी सपोर्ट टिकला, कारण बंद भाव १४०९ होता. पण दिवसभरात शेअर तुमच्या ब्रेकइव्हनच्याही खाली जाऊन आला. चार्टवर आपण १४०० ची एक रेघ मारतो, शेअरच्या लेखी तो १३९० ते १४०५ असा पट्टा आहे. विकलेला स्ट्राइक त्या पट्ट्याच्या मधोमध ठेवला, तर सपोर्ट अगदी व्यवस्थित टिकूनही तुमचा जीव टांगणीला लागतो. त्या दिवशी दुपारी दोन वाजता शेअर १३९१ ला असताना घाबरून सौदा काढला असता, तर मत बरोबर ठरूनही तोटा झाला असता.

दुसरी गोष्ट 'ऐंशी टक्के वेळा नफा' याची. ८ रुपयांसाठी ३२ रुपये पणाला लावले आहेत. एक पूर्ण तोटा चार पूर्ण नफे खाऊन टाकतो. म्हणजे ऐंशी टक्के वेळा जिंकलात तर तुम्ही बरोबरीत आहात, फायद्यात नाही. मधल्या भावांना अर्धामुर्धा नफा-तोटा होतो, त्यामुळे प्रत्यक्षातला हिशेब थोडा बरा निघतो, पण फार नाही. आत्ता १४०० च्या पुटाचा डेल्टा ०.२६ च्या आसपास असेल. बाजार स्वतःच सांगतोय की एक्स्पायरीला शेअर १४०० च्या खाली असण्याची शक्यता साधारण चारात एक. हा धोका त्या १६.५० च्या भावात आधीच धरलेला आहे. सपोर्टबद्दलचं तुमचं मत बाजारापेक्षा जास्त बरोबर असेल तरच यात कमाई आहे. वेळ गळतो म्हणून आपोआप पैसे मिळत नाहीत.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, ते रात्री सविस्तर लिहितो.

एडिसनकर

मी इकडे न्यू जर्सीत हे स्प्रेड नेहमी करतो. माणदेशी, एक मोठी धोक्याची सूचना. विकलेला पुट खूप आत गेला की समोरचा एक्स्पायरीच्या आधी कधीही तो वापरू शकतो. सकाळी उठून बघावं तर खात्यात शेअर येऊन पडलेले असतात. इकडे लॉट १०० चाच असल्यानं निभावतं, ५०० चा म्हणजे कठीण. म्हणून शेअर १४०० च्या खाली गेला की त्याच दिवशी बाहेर पडा.

दीपस्तंभ

एडिसनकर, तुमच्याकडे शेअरवरचे ऑप्शन अमेरिकन पद्धतीचे असतात, त्यामुळे तुमचा अनुभव तिकडे बरोबरच आहे. आपल्याकडे एनएसईवर २०११ पासून शेअरचे ऑप्शनसुद्धा युरोपियन पद्धतीचे झाले. एक्स्पायरीच्या आधी कोणी आपल्या गळ्यात शेअर घालू शकत नाही. माणदेशींना ती भीती नाही.

त्यांना भीती आहे ती एक्स्पायरीच्या दिवसाची. बाणेर_बाबा, तुमचं म्हणणं १३६० च्या खाली पूर्ण बरोबर आहे आणि १४०० च्या वरही बरोबर आहे. अडचण मधल्या चाळीस रुपयांत आहे.

शेअरच्या डेरिव्हेटिव्हमध्ये पूर्वी एक्स्पायरीला फक्त फरकाचे पैसे दिले-घेतले जायचे. २०१८ पासून टप्प्याटप्प्यानं आणि ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्याच शेअरना प्रत्यक्ष डिलिव्हरी लागू झाली. निफ्टीत हा प्रश्न नाही, तिथे आजही रोखच आहे. निफ्टीवर हात बसलेले लोक शेअरच्या स्प्रेडमध्ये नेमके इथेच अडकतात.

समजा एक्स्पायरीला शेअर १३७८ ला बंद झाला. कागदावर हिशेब सोपा: विकलेला पुट २२ रुपये आत, त्यातून मिळालेले ८ वजा, तोटा १४ रुपये, म्हणजे लॉटला ७,०००. १६,००० च्या निम्म्यापेक्षाही कमी. माणूस म्हणेल, चला, थोडक्यात सुटलो.

पण प्रत्यक्षात काय होतं? १३६० चा पुट बिनकामाचा होऊन संपला. १४०० चा विकलेला पुट मात्र जिवंत आहे आणि त्याची जबाबदारी म्हणजे ५०० शेअर १४०० च्या भावानं घ्यायचे. पैसे भरायचे ७ लाख. तुमच्या खात्यात ४५ हजार मार्जिन होतं. आणि आता तुमच्याकडे नुसते शेअर आहेत, खालचं कुंपण निघून गेलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी वाईट बातमी आली आणि शेअर १३३० ला उघडला, तर १४०० ला घेतलेल्या शेअरवर ७० रुपये तोटा, त्यातून ८ वजा केले की ६२. गुणिले ५००, म्हणजे ३१,०००. 'जास्तीत जास्त तोटा' १६,००० होता, त्याच्या जवळजवळ दुप्पट.

गंमत बघा: एक्स्पायरीलाच शेअर १३३० ला बंद झाला असता, तर दोन्ही पुट आत असते. एकाचे शेअर घ्यायचे, दुसऱ्याचे द्यायचे, दोन्ही एकमेकांत वळते झाले असते आणि तोटा १६,००० वरच थांबला असता. म्हणजे शेअर जास्त पडलेला परवडला, मध्येच लटकलेला नाही.

बाणेर_बाबा

हे मला अर्धंच माहीत होतं. डिलिव्हरी असते हे ठाऊक होतं, पण स्प्रेड असला की दोन्ही बाजू आपोआप मिटतात असं धरून होतो. मी बहुतेक निफ्टीतच करतो. तरी माझा मुद्दा राहतो: १४०० ला घेतलेले शेअर ठेवून दिले तर? चांगली बँक आहे, कधीतरी वर येईलच.

पूर्वा

मी ठाण्यात एका ब्रोकरकडे रिस्क डेस्कवर आहे. एक्स्पायरीच्या आठवड्यात आमच्या पडद्यावर काय दिसतं ते सांगते.

बाणेर_बाबा, ७ लाख रोख तयार असतील आणि तो शेअर खरोखरच घ्यायचा असेल तर ठेवून देणं हा निर्णय होऊ शकतो. पण स्प्रेड करणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे ते पैसे नसतात, म्हणून तर त्यांनी स्प्रेड केलेला असतो. पैसे कमी पडले तर व्याज-दंड लागतो आणि ब्रोकर शेअर विकून आपली वसुली करतो. तो विकेल तेव्हाचा भाव तुमच्या हातात नसतो.

त्याही आधी, शेवटच्या काही दिवसांत डिलिव्हरीचं मार्जिन पायरीपायरीनं वाढत जातं. ४५ हजारांत उभा असलेला सौदा अचानक तेवढ्यात बसेनासा होतो. मेसेज जातात, ईमेल जातात. पैसे नाही आले तर आम्ही पोझिशन कापतो. कधी कापायची याचे नियम प्रत्येक ब्रोकरचे वेगळे आहेत, तेव्हा सौदा करायच्या आधी आपल्या ब्रोकरचं एक्स्पायरी धोरण वाचा. हे पान कोणी वाचत नाही, आणि सोमवारी फोन मात्र सगळ्यांचे येतात. (महिन्याची एक्स्पायरी आता शेवटच्या मंगळवारी आहे, जुन्या गुरुवारच्या हिशेबानं चालू नका.)

बाहेर पडण्याचा क्रमही महत्त्वाचा. आत शिरताना आधी १३६० चा घ्यायचा, मग १४०० चा विकायचा, म्हणजे मार्जिन कमी लागतं. बाहेर पडताना उलट: आधी १४०० चा परत घ्यायचा, मग १३६० चा विकायचा. घाईत १३६० चा आधी विकला तर मधल्या वेळात तुमच्याकडे नागडा पुट राहतो आणि मार्जिन एकदम लाखाच्या वर उडी मारतं.

आणि १४०० चा परत घेऊन १३६० चा तसाच विसरलात, तर वेगळाच ताप. एक्स्पायरीला तो आत असेल तर ५०० शेअर तुम्ही द्यायचे आहेत. नसतील तर लिलाव. सुलूताई, तुमच्या डीमॅटमध्ये तोच शेअर असेल तर तुमचे ते शेअर जातील.

सुलू

बाप रे. मी यात पडत नाही. पण नुसता पुट घेतला तर तोही एक्स्पायरीला तसाच शेअर घेऊन जाईल का? मला शेअर विकायचे नाहीयेत, फक्त भाव पडला तर नुकसान भरून यावं एवढंच हवंय.

पूर्वा

हो, आत असेल तर जातील. शेअर ठेवायचे असतील तर पुट एक्स्पायरीच्या आधी बाजारात विकून टाकायचा. त्याची किंमत वाढलेली असेल, ते पैसे तुमचे, शेअरही तुमचे.

माणदेशी

दीपस्तंभ, पूर्वा, खूप आभार. ३१,००० चा आकडा बघून डोळे उघडले. दोन शंका. समजा एक्स्पायरीपर्यंत ठेवायचाच नाही आणि सपोर्ट तुटला की बाहेर पडायचं, तर साधारण किती तोटा धरू? आणि स्ट्राइक खाली नेऊन १३८०/१३४० केला तर? तिथे ११.६० आणि ५.८० भाव दिसतायत. म्हणजे ५.८० मिळतील, २,९०० रुपये. जास्तीत जास्त तोटा १७,१००. ब्रेकइव्हन १३७४.२०.

दीपस्तंभ

पहिली शंका. समजा दहा दिवसांनी शेअर १३९३ ला बंद झाला, म्हणजे तुमच्या भाषेत सपोर्ट तुटला. तेव्हा १५ दिवस बाकी असतील, भीतीमुळे प्रीमियमही थोडं फुगलेलं असेल. १४०० चा पुट ३३ च्या आसपास, १३६० चा १६-१७ च्या आसपास. स्प्रेडची किंमत १६ रुपये धरा. ८ ला विकलेला १६ ला परत घेतला, तोटा ८ रुपये, म्हणजे ४,०००. जेवढे मिळणार होते तेवढेच गेले. एकास चार असलेलं प्रमाण एकास एकवर आलं. बंद भावावर बाहेर पडायची शिस्त असेल तर या सौद्याचं रूपच बदलतं, आणि सपोर्ट बघून सौदा करण्याचा खरा उपयोग हाच आहे: आपण चुकलो हे कळायची एक जागा ठरलेली असते.

ही शिस्त गॅपपुढे चालत नाही. संध्याकाळी १४१० ला बंद झालेला शेअर सकाळी १३४५ ला उघडला, तर १५ दिवस बाकी असताना स्प्रेड साधारण २६ ला असेल, तोटा ९,००० च्या घरात. इथे मात्र १३६० चा पुट कामाला येतो. नुसता १४०० चा पुट विकला असतात तर तोच ६५ च्या आसपास असता आणि तोटा २४ हजारांच्या वर गेला असता. त्यामुळे बँकेचा तिमाही निकाल या २५ दिवसांत येतोय का ते आधी बघा. येत असेल तर मी हा सौदा निकालानंतर करीन. निकालाआधी प्रीमियम जाड दिसतं ते याच गॅपच्या भीतीचं असतं.

१३८०/१३४० मला जास्त पटतो. विकलेला स्ट्राइक १३९१ च्या लोच्याही खाली येतो. आता सपोर्ट आधी तुटेल, तुमच्यापर्यंत पोचायला त्याला अजून दहा-बारा रुपये लागतील, आणि तेवढ्यात तुम्ही बंद भाव बघून बाहेर पडलेले असाल.

पूर्वा

इथे मी दीपस्तंभ यांच्याशी सहमत नाही. ५.८० साठी ३४.२० लावणं म्हणजे एक तोटा जवळजवळ सहा नफे खाणार. शिवाय हे ५.८० कागदावरचे आहेत. माणदेशी, तुम्ही बिड आणि आस्कच्या मधला भाव धरलाय. शेअरच्या ऑप्शनमध्ये खालच्या स्ट्राइकना माणसंच नसतात. तुमचा पहिला १४००/१३६० चा सौदा घ्या. बहुधा १४०० ला बिड १६.०० आणि आस्क १७.०० असेल, १३६० ला ७.८० आणि ९.२०. बाजारभावानं मारलात तर १६.०० ला विकाल आणि ९.२० ला घ्याल. हातात ८ नाही, ६.८० पडतील. ब्रेकइव्हन १३९३.२०, जास्तीत जास्त तोटा १६,६००. आत शिरतानाच सहाशे रुपये गेले, बाहेर पडताना पुन्हा तेवढेच. वर दलाली, एसटीटी, जीएसटी. २,९०० मिळवायच्या सौद्यात हा खर्च फार जड होतो.

माझ्या मते स्ट्राइक १४०० च ठेवावा, पण शेअर पुन्हा १४१५-१४२० पर्यंत खाली येऊन वर फिरायला लागेल तेव्हा करावा. तेव्हा त्याच स्प्रेडला ११-१२ रुपये मिळू शकतात आणि सपोर्ट टिकतोय की नाही हेही नुकतंच दिसलेलं असतं. १४५२ वर असताना सपोर्टच्या भरवशावर पुट विकणं म्हणजे ज्या परीक्षेचा निकाल लागलाच नाही त्याचे पेढे वाटणं.

दीपस्तंभ

खर्चाचा मुद्दा मान्य. पण सपोर्टला चिकटून सौदा केला की चुकायची शक्यताही तेवढीच वाढते, ते जास्तीचे चार रुपये फुकट मिळत नाहीत. शिवाय शेअर १४१५ ला आलाच नाही तर सौदा होतच नाही.

पूर्वा

नाही झाला तर नाही झाला. त्यात काय बिघडलं?

एडिसनकर

युरोपियन पद्धतीचं माहीत नव्हतं, दुरुस्तीबद्दल धन्यवाद. इकडे एक वेगळी भानगड आहे. बाजार बंद झाल्यावरही थोडा वेळ समोरच्याला पुट वापरायचा की नाही ते ठरवता येतं. शेअर स्ट्राइकला अगदी चिकटून बंद झाला तर रात्रीपर्यंत कळत नाही शेअर आले की नाही. तुमच्याकडे पुट आत असला की आपोआपच होतं का?

पूर्वा

हो, आत असला की आपोआप. चार आण्यांनी आत असला तरी पूर्ण ५०० शेअर.

माणदेशी

आज सौदा टाकला, कळवतो. निकाल या एक्स्पायरीनंतर आहे, ते तपासलं. १३८०/१३४० च केला. दोन्ही लेग लिमिट ऑर्डरनं, आधी १३४० चा घेतला, मग १३८० चा विकला. शेअर १४४६ ला असताना ५.४० मिळाले. म्हणजे हातात २,७००, जास्तीत जास्त तोटा १७,३००, ब्रेकइव्हन १३७४.६०. बंद भाव १३९० च्या खाली गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर. आणि काहीही झालं तरी एक्स्पायरीच्या आदल्या गुरुवारी दोन्ही लेग बंद, मग नफा दोन रुपये राहिलेला असला तरी. ब्रोकरचं धोरण वाचलं, आमच्याकडे शुक्रवारपासूनच जास्तीचं मार्जिन मागतात.

पूर्वा, तुमचं १४१५-१४२० चं म्हणणं डोक्यात आहे. तिथपर्यंत आला तर एक लॉट १४००/१३६० चा अजून करावा का?

पूर्वा

तेव्हा हा पहिला तोट्यात असेल. त्यावर दुसरा चढवू नका. एक काढा आणि मग दुसऱ्याचा विचार करा.

दीपस्तंभ

मी पहिला ठेवीन आणि दुसरा करणार नाही. पण आदल्या गुरुवारी बंद करायचं ठरवलंय ते बदलू नका, शेअर तेव्हा १४५० ला असला तरी.

बाणेर_बाबा

१४५० ला असेल तर कशाला बंद करायचं? शेवटचे चार दिवस फुकटचे आहेत की.

दीपस्तंभ

१४५० ला असेल तर १३८० चा पुट तेव्हा रुपया-दीड रुपयाला मिळेल. पाच-सातशे रुपये देऊन जवळजवळ ७ लाखांच्या डिलिव्हरीची जबाबदारी अंगावरून उतरते. मी तो दर आनंदानं देतो.